काजव्यांचा फोटो तिसरा का?

प्रिय मित्रा,

भंडारदऱ्याच्या सहलीतल्या फोटोंचा मी लावलेला क्रम तुला पटला नाही आणि का पटला नाही हे तू मुद्देसूद लिहून पाठवलंस, याचा मला खरंच आनंद झाला. बाकीच्यांनी अंगठे दाखवले आणि विषय संपवला. तू मात्र प्रत्येक निकषाला हात घातलास. त्यामुळे मलाही नीट उत्तर द्यायला हवं.

तुझं म्हणणं थोडक्यात असं : सगळ्यांच्या फोटोंत तुझा काजव्यांच्या झाडाचा फोटो तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सरस आहे. तो काढायला तू एकटा अर्धा तास अंधारात उभा राहिलास आणि घरी येऊन रात्र-रात्र जागलास. तरी तो तिसरा. पहिला कोणता, तर तुझ्या वहिनीने मोबाइलवर काढलेला, दाणेदार, एका कडेला हललेला फोटो. त्यात मुलं आणि वाटाड्या मान वर करून बघताहेत आणि काजवे दिसतात ते जेमतेम चार-दोन. ‘काजव्यांच्या सहलीतला पहिला फोटो आणि त्यात काजवेच नाहीत’, हे तुझं वाक्य मला फार आवडलं. आक्षेप असावा तर असा.

आधी तुझ्या फोटोबद्दल बोलतो. तो कसा तयार होतो हे माहीत नसेल, तर आपला वाद कशावरून आहे हे कुणाला कळायचं नाही.

घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तू सादड्याच्या एका मोठ्या झाडासमोर दिवस मावळायच्या आधीच ट्रायपॉड लावलास. उजेड पुरता जायच्या आत झाडाची, बुंध्याची आणि मागच्या डोंगराची एक फ्रेम घेतलीस. मग कॅमेरा तसूभरही न हलवता अंधार पडल्यावर एकामागून एक फ्रेम घेत राहिलास. भिंग पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, प्रत्येक वेळी शटर २५ सेकंद उघडं, अशा ६० फ्रेम. घरी आल्यावर त्या सगळ्या एकावर एक रचल्यास. ही रचना करणारं सॉफ्टवेअर चित्रातल्या प्रत्येक बिंदूपाशी थांबतं, साठही फ्रेममधला तो बिंदू तपासतं आणि त्यातला सर्वांत उजळ तेवढा ठेवतं. पंधराव्या फ्रेममध्ये एखाद्या पानावर काजवा चमकला असेल, तर बाकी एकोणसाठ फ्रेममध्ये तिथे काळोख असूनही अंतिम चित्रात तो ठिपका राहतोच. छायाचित्रकार याला स्टॅकिंग म्हणतात. दरवर्षी मे अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदऱ्याचे, राजमाचीचे, पुरुषवाडीचे जे झगमगते फोटो सगळीकडे फिरतात, त्यांतले बहुतेक असेच रचलेले असतात.

यात लबाडी नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. उलट तू हे काम फार सभ्यपणे केलंस. बुंधा उजळावा म्हणून कित्येक जण झाडावर टॉर्च फिरवतात. काजव्यांच्या दृष्टीने ते वाईट असतं. नर लुकलुकतो तो मादीला खूण पटवण्यासाठी. मादी बहुधा खाली झुडपात किंवा पानावर बसून मंद उजेडाने उत्तर देते. टॉर्चच्या झोतात दोघांचीही खूण बुडून जाते. प्रौढ काजव्याचं आयुष्य फार तर काही आठवड्यांचं, त्यामुळे त्यांच्या हिशेबात वाया गेलेली एक रात्रही मोठी असते. तू बुंध्याची फ्रेम संधिप्रकाशात उरकलीस आणि नंतर एकदाही दिवा लावला नाहीस. कॅमेऱ्याच्या मागचा चमकणारा पडदासुद्धा झाकून ठेवलास. निकषांत मी ‘फोटो काढताना कुणाला त्रास झाला का’ हेही धरलं होतं, आणि तिथे तुला पैकीच्या पैकी आहेत.

मग अडलं कुठे? ते सांगायला एक छोटा हिशेब मांडतो.

साठ फ्रेम, प्रत्येकी २५ सेकंद, म्हणजे १५०० सेकंद. पंचवीस मिनिटं. समज, एखादा नर दर पाच सेकंदांनी थोडा सरकून नव्या जागी चमकतो. तर तुझ्या चित्रात त्या एकट्याचे तीनशे ठिपके उमटतील. असे शंभर नर असतील, तर तीस हजार. याउलट एखादा काजवा त्या सगळ्या वेळात एकाच पानावर बसून लुकलुकत राहिला, तर त्याचे सगळे ठिपके एकाच जागी पडतील आणि चित्रात तो एकटाच दिसेल. म्हणजे तुझा फोटो पाहून झाडावर किती काजवे होते, हे काही सांगता येत नाही. फिरणारे बसलेल्यांपेक्षा कैक पटींनी जास्त दिसतात. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की त्या क्षणी झाडावर हजारो दिवे एकदम पेटलेले होते. तुझ्या बहिणीने फोटो पाहून विचारलंच ना, ‘एवढे होते?’

तरीही केवळ आकड्यांसाठी मी तो तिसरा ठेवला नसता. माझा खरा अडसर वेगळा आहे.

त्या रात्री आपण सगळे गप्प झालो ते काजवे पुष्कळ होते म्हणून नव्हे. झाड एकदम पेटत होतं आणि एकदम विझत होतं, म्हणून. एका फांदीवर सुरुवात व्हायची, शेजारच्या फांद्या तोच ताल धरायच्या, आणि बघता बघता पूर्ण झाड एका लयीत उघडमीट करायला लागायचं. मग थोड्या अंतरावरचं दुसरं झाड उत्तर दिल्यासारखं पेटायचं. मधल्या काळोखात मुलं श्वास रोखून थांबायची आणि उजेड आला की सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघायचा. आपण पाहिलेल्या दृश्याचा निम्मा भाग अंधार होता. आणि स्टॅकिंगचा नियमच असा, की प्रत्येक बिंदूपाशी सर्वांत उजळ तेच ठेवायचं. म्हणजे पंचवीस मिनिटांत जितक्या वेळा झाड विझलं, ते प्रत्येक विझणं नियमाने पुसलं जातं. उरतं ते कधीही न विझणारं झाड, आणि तसं झाड तिथे नव्हतं.

माझा पहिला निकष होता : हा फोटो आपल्या सहलीचाच आहे का, की दुसऱ्या कुणाच्या, दुसऱ्या वर्षीच्या सहलीचाही असू शकला असता? दुसरा : चित्रात काही घडतंय का? तिसरा : जे समोर होतं त्याच्याशी चित्र इमान राखतं का? स्पष्टता, रंग, क्षितिज सरळ आहे की नाही, दाणे किती, हे सगळं चौथ्या जागी. तेही एवढ्यापुरतंच, की त्या दोषाने पाहण्यात अडथळा येतो का. कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत मी हा क्रम असा लावला नसता. तिथे कसब हाच विषय असतो. पण आपण निवडत होतो घरातल्या अल्बमसाठी, पानभर कोणता फोटो छापायचा ते. दहा वर्षांनी मुलं तो उघडतील तेव्हा त्यांना त्या रात्रीचं काय आठवावं, हा प्रश्न होता.

आता तुझ्या वहिनीचा फोटो बघ. वाटाड्याने टॉर्च मुठीत धरलाय आणि काचेवर पंजा झाकलाय, म्हणून त्याच्या बोटांच्या कडा आतून लालसर दिसताहेत. उजेड फक्त पायांपुरता सांडलाय. त्याच्या शेजारी मुलं उभी आहेत, माना वर, तोंडं उघडी, एकाचा हात दुसऱ्याच्या बाहीला. काजवे नाहीत म्हणतोस, पण त्या चेहऱ्यांकडे पाहून वर काय चाललंय ते कळतं. आणि त्या मुठीतून जंगलात रात्री कसं वागायचं तेही कळतं. त्या वाटाड्याने आपल्याला शिकवलेलं सगळं त्या एका हातात आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचा फोटो त्याच्यापेक्षा देखणा आहे. पण तिथेही आपली मावशी पुष्करणीच्या पायरीवर बसून चपलेतला खडा काढतेय म्हणून तो आपला झाला. नाहीतर ते मंदिर हजारो लोकांनी तसंच्या तसं टिपलंय.

यावर तू दोन भारी हरकती घेतल्यास. त्यांना बगल देणार नाही.

पहिली : मोबाइलचा रात्रीचा मोडसुद्धा अनेक फ्रेम एकत्र करूनच फोटो बनवतो, मग वहिनींना सूट आणि मला शिक्षा का? हरकत बिनतोड आहे. मोबाइल एका दाबात अनेक छोट्या फ्रेम घेतो, त्या जुळवतो आणि त्यांची साधारण सरासरी काढतो. त्यामुळे अंधारातले रंगीत दाणे कमी होतात. पण सरासरी काढणं आणि सर्वांत उजळ ते ठेवणं, या दोन क्रियांचा परिणाम उलटा होतो. सरासरीत क्षणभर चमकलेला काजवा फिका पडतो किंवा पार नाहीसाच होतो. वहिनीच्या फोटोत काजवे चार-दोनच राहिले ते बहुधा त्यामुळेच. म्हणजे तिच्या फोटोनेही दृश्यात फेरफार केलाय. फक्त तो वजाबाकीचा आहे आणि तुझा बेरजेचा. फरक मी एवढाच करतो, की तिच्या चित्रातलं सगळं काही सेकंदांत घडलं. तिथे उभ्या असलेल्या माणसाने एका नजरेत पाहिलं असतं, एवढा तो काळ. तुझ्या चित्रातलं सगळं एका नजरेत कुणीच पाहिलं नाही. ही रेघ नेमकी कुठे मारायची? पाच सेकंद चालतात आणि पंचवीस मिनिटं चालत नाहीत, तर मग एक मिनिट? ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तुझ्याकडे याहून चांगली रेघ असेल तर मी ती घ्यायला तयार आहे.

दुसरी हरकत पुरस्काराची. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०२३ साली कीटकांसारख्या अपृष्ठवंशीयांच्या वर्तनाच्या विभागात तमिळनाडूच्या श्रीराम मुरली यांचा काजव्यांचा फोटो पहिला आला. तो १९ सेकंदांच्या ५० फ्रेम जुळवून केलेला होता, म्हणजे सुमारे सोळा मिनिटांचा उजेड एका चित्रात. जगातल्या नावाजलेल्या परीक्षकांना जे चाललं ते तुला का चालू नये, असं तू विचारलंस.

मला तो निकाल पूर्ण मान्य आहे. पण तिथे दोन गोष्टी होत्या. एक, विभाग वर्तनाचा होता. इतक्या मिनिटांत काजवे जंगलात कुठून कुठे उडाले, कोणत्या थरात दाट होते, कुठे अजिबात नव्हते, हे साचवलेल्या चित्रातच दिसतं. एका नजरेत ते कधीच दिसलं नसतं. तिथे काळ साठवणं हाच अभ्यास होता. दोन, किती फ्रेम, किती सेकंद, हे फोटोसोबतच जाहीर केलेलं होतं. पाहणाऱ्याला आपण काय पाहतोय याची कल्पना होती. ही स्पर्धा प्रामाणिकपणाच्या बाबतीत किती कडक आहे ते तुला ठाऊक आहेच. ब्राझीलमधल्या वारुळावर चमकणाऱ्या अळ्या आणि त्यांच्याकडे निघालेला मुंगीखाऊ, असा एक विलक्षण फोटो २०१७ मध्ये तिथे एका विभागात विजेता ठरला होता. पुढच्या वर्षी चौकशीत तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष निघाला आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, तरी निर्णय बदलला नाही. मुरलींचा फोटो तपासणीच्या याच चौकटीतून गेला आणि टिकला, कारण त्यात लपवलेलं काही नव्हतं.

तुझ्या फोटोखाली मात्र तू फक्त ‘काजवे, भंडारदरा’ असं लिहिलंस. आणखी एक गोष्ट आहे, ती तुला दुखवण्यासाठी नव्हे तर तू विचारलंस म्हणून सांगतो. झाडामागच्या आकाशातल्या चांदण्या बघ. त्या टोकदार ठिपके आहेत. पृथ्वी फिरते त्यामुळे आकाश तासाला पंधरा अंश सरकतं. पंचवीस मिनिटांत सहा अंशांहून थोडं जास्त. त्याच साठ फ्रेममधून आकाशही साचलं असतं, तर प्रत्येक चांदणीची छोटी कमानदार रेघ उमटली असती. ठिपके राहिले याचा अर्थ आकाश एकाच फ्रेममधून घेतलंय आणि झाड साठांतून. म्हणजे एकाच चित्रात वर पंचवीस सेकंदांचा काळ आहे आणि खाली पंचवीस मिनिटांचा, आणि बुंधा तर त्याआधीच्या संधिप्रकाशातला. साठ फ्रेम रचण्यापेक्षा हे मला जास्त खटकलं. आकाशातही रेघा राहू दिल्या असत्यास, तर चित्राने स्वतःच सांगितलं असतं की इथे बराच वेळ गेलाय. माझी तक्रार निम्म्याने कमी झाली असती.

तुझ्या पत्रातला सर्वांत मजबूत मुद्दा मात्र तू शेवटी, जाता जाता लिहिलास. ‘डोळासुद्धा साठवतोच. त्या झाडासमोर अर्धा तास उभं राहिल्यावर मनात जे झाड राहतं ते माझ्या फोटोतल्यासारखंच असतं.’ यावर मी बराच विचार केला. माझ्या मनातलं झाड तसं नाही. ते अजूनही पेटतं-विझतं. पण तुझ्या मनातलं तसं असेल, तर तुझा फोटो तुझ्या आठवणीशी इमान राखतो, आणि तिसऱ्या निकषात मी ‘समोर जे होतं’ असं लिहिलं ते अपुरं पडतं. आठवण हाही एक साक्षीदार मानायचा का, यावर आपल्या सगळ्यांचं मत घ्यावं असं मला वाटतं. विशेषतः मुलांचं. त्यांना फोटो दाखवायच्या आधी झाड कसं होतं ते रंगवायला सांगू या. त्यांच्या कागदावर झाड सतत पेटलेलं निघालं, तर मी क्रम बदलेन आणि तसं सगळ्यांना कळवेन.

त्याआधी तुला एक मागणं आहे. साठ फ्रेमची मालिका सुरू करण्याआधी फोकस आणि चौकट जमतेय का हे बघायला तू आयएसओ खूप चढवून एकेक सेकंदाच्या काही फ्रेम काढल्या होत्यास. मी शेजारीच होतो. कामचलाऊ म्हणून तू त्या बाजूला टाकल्या असशील. मला त्याच हव्यात. काजव्याची एक चमक क्षणार्धात संपते. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने ती अधिक उजळ उमटत नाही, फक्त आणखी चमका जमा होत जातात. ठिपक्याची उजळता ठरते भिंगाच्या उघडीपवर आणि आयएसओवर. म्हणजे एका सेकंदाच्या फ्रेममध्येही त्या ठोक्याला पेटलेलं झाड पुरेसं स्पष्ट उमटलेलं असणार. दाणे दिसतील, बुंधा काळा राहील, पण एका क्षणी खरोखर किती काजवे चमकत होते ते त्यात असेल. आणि नशीब असेल तर लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये एकीत झाड पेटलेलं आणि दुसरीत विझलेलं सापडेल.

तशी जोडी मिळाली तर ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापू. डावीकडे पेटलेलं, उजवीकडे विझलेलं. तुझं साठ फ्रेमचं झाड त्यामागच्या पानावर, फ्रेम आणि मिनिटं खाली लिहून. या जोडीला पहिला क्रमांक द्यायला माझी आत्ताच तयारी आहे. वहिनीची समजूत काढायचं काम मात्र तुझं.

अल्बम अजून छपाईला गेलेला नाही. रविवारपर्यंत कार्ड रिकामं करू नकोस. त्या छोट्या फ्रेम कोणताही उजळपणा न चढवता, जशाच्या तशा पाठव. आणि त्या बघून तुला स्वतःला काय वाटलं ते माझं मत येण्याआधी लिहून ठेव.

तुझा,
क्रम लावणारा मित्र